बबलवर कॉल की फोल्ड: चिप मोजायच्या की रुपये?

पोकरची दहा जणांची एका टेबलाची टूर्नामेंट घ्या. प्रत्येकी ₹१,००० भरलेत, प्रत्येकाला २,००० चिप मिळाल्यात. बक्षिसं तीनच: ₹५,०००, ₹३,००० आणि ₹२,०००. आता चौघे उरलेत, म्हणजे आणखी एक जण रिकाम्या हाताने जाणार; यालाच बबल म्हणतात. चौघांकडे ५,०००-५,००० चिप आहेत. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप, २००-४००. दोघे फोल्ड करतात म्हणजे पत्ते टाकतात, स्मॉल ब्लाइंडवाला ऑल-इन जातो म्हणजे सगळ्या चिप लावतो, आणि तेवढ्याच लावून कॉल करायचा की फोल्ड, हा निर्णय ४०० चा बिग ब्लाइंड लावलेल्या तुमच्यावर येतो. तो कोणत्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन जातो, असं धरू. तुमच्या हातात वेगवेगळ्या रंगांची राणी-सत्ती आहे.

चिप मोजणाऱ्याचा हिशोब एका ओळीचा आहे. फोल्ड केलं तर ४,६०० उरतात, कॉल करून जिंकलं तर १०,००० होतात. म्हणजे ४६ टक्के वेळा जिंकलं तरी बरोबरी होते. कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध राणी-सत्ती साधारण ५२ टक्के वेळा जिंकते. कॉलची सरासरी ५,२०० चिप, म्हणजे सरळ ६०० चिपचा फायदा.

कॅश गेममध्ये हे शंभर टक्के बरोबर, कारण तिथे चिप उठून काउंटरवर वटवता येते. टूर्नामेंटमध्ये ती वटत नाही, पैसे मिळतात ते क्रमांकाला. सगळ्या २०,००० चिप गोळा केल्या तरी हाती ₹५,०००च येणार, उरलेले अर्धे पैसे हरलेल्यांनाच जातात. म्हणून इथे मिळवलेली चिप गमावलेल्या चिपेपेक्षा स्वस्त पडते.

आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, चिपांचं रूपांतर रुपयांत करतं. याची गणिती रीत मुळात घोड्यांच्या शर्यतीसाठी डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये मांडली, पोकरला ती मेसन मालमूथ यांनी १९८७ मध्ये लावली. पहिलं येण्याची शक्यता म्हणजे एकूण चिपांतला तुमचा वाटा. दुसऱ्या क्रमांकासाठी पहिला आलेला खेळाडू त्याच्या चिपांसकट बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत पुन्हा तोच वाटा बघायचा.

हे जिंकल्यानंतरच्या स्थितीला लावून बघा: तुमच्याकडे १०,०००, बाकी दोघांकडे ५,०००-५,०००. पहिलं येण्याची शक्यता १/२. दुसरा कुणी पहिला आला (प्रत्येकी १/४), तर उरलेल्या १५,००० चिपांत तुमचा वाटा २/३. अशा दोन वाटांनी मिळून दुसऱ्या क्रमांकाची शक्यता १/३ झाली, तिसऱ्याची १/६ उरली. २,५०० + १,००० + ३३३, एकूण ₹३,८३३. हात सुरू होण्याआधी तुमची किंमत ₹२,५०० होती. चिप दुप्पट झाल्या, पैसे दीडपटीच्या थोडे वर गेले. मधली तूट जाते कुठे? हातावर हात ठेवून बसलेल्या त्या दोघांच्या खिशात, प्रत्येकी ₹५८३.

फोल्ड केलं तर तुमच्या ४,६०० चिपांची किंमत याच रीतीने सुमारे ₹२,३६८ येते. जिंकल्यावरच्या ३,८३३ मधून सरासरी २,३६८ सुटायला ६२ टक्के विजय हवेत, ४६ नव्हे. राणी-सत्तीच्या कॉलची किंमत होते ₹१,९९३ च्या आसपास: चिपांत ६०० चा नफा दाखवणारा निर्णय रुपयांत जवळपास ३७५ चा तोटा निघाला. इथे एक्का-दश्शी (सुमारे ६३ टक्के) आणि छक्क्यांची जोडी कॉल होतात, वेगवेगळ्या रंगांचे राजा-राणी (६१) फोल्ड. हा बारीक फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण टेबलावर राजा-राणी टाकायला हात धजत नाही.

कुणी एक जण अगदी कमी चिपांवर असेल तर बंधन आणखी आवळतं. तुमच्याकडे आणि ऑल-इन जाणाऱ्याकडे ६,०००-६,०००, तिसऱ्याकडे ७,०००, चौथ्याकडे फक्त १,००० असं समजा. ब्लाइंड बाजूला ठेवले तरी कॉलला ७३ टक्के लागतात. एक्का-राजासुद्धा (६५) टाकावा लागतो, कारण तो चौथा बहुधा तुमच्याआधी जाणारच आहे.

मग कोणता हिशोब धरायचा? आधी बक्षिसांचा तक्ता बघा. सगळे पैसे एकट्या विजेत्याला असतील तर आयसीएम आणि चिपांचा वाटा एकच उत्तर देतात. सॅटेलाइटमध्ये, जिथे वरच्या ठरावीक जणांना मोठ्या टूर्नामेंटमध्ये सारखीच जागा मिळते, तिथे उलट टोक असतं: जागा पक्की झालेल्याने एक्क्यांची जोडीही फोल्ड करणं बरोबर ठरू शकतं. बक्षिसं पायऱ्यापायऱ्यांची असतील आणि पुढची पायरी एका माणसावर असेल, तर मी रुपयांचाच हिशोब धरीन.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. हे बंधन मुख्यतः कॉल करणाऱ्यावर आहे. तुम्ही फोल्ड करणार हे ओळखलेला खेळाडू बिनधास्त ऑल-इन जाऊ शकतो, आणि तुमची पाळी आल्यावर तुम्हीही जायला हवं. दुसरं, आयसीएम सगळ्यांना सारखंच कुशल धरतं आणि पुढचा ब्लाइंड कुणावर येतोय हे त्याला दिसत नाही. तुमच्याकडे दोनच ब्लाइंडपुरत्या चिप असतील आणि पुढच्याच हाताला बिग ब्लाइंड तुमच्यावर येणार असेल, तर फोल्डची खरी किंमत मॉडेल सांगतं त्यापेक्षा कमी असते. तिथे मी दोन-तीन टक्के कमी असलेला हातही खेळतो.