झटका मशीन आलीच नाही, पण जीएसटी नंबर मात्र खरा होता

टिपेश्वर अभयारण्याच्या काठावरच्या गावांत हरभरा पेरला की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. रोह्यांचा कळप शिरला तर एका रात्रीत पट्टाच्या पट्टा साफ. रानडुकरं खातात थोडं, नासवतात जास्त. पूर्वी माणसं जागलीला जायची, आता वाघामुळं ती हिंमत कोणी करत नाही. म्हणून ज्याला जमेल तो वावराभोवती तार ओढून झटका मशीन लावतो. बॅटरीवरची ही मशीन तारेत क्षणभराचा झटका सोडत राहते. जनावर मरत नाही, दचकून माघारी फिरतं.

माझा आणि चुलतभावाचा धुरा एकच, त्यामुळं दोघांत मिळून एक मशीन घ्यायचं ठरलं. पांढरकवड्याच्या दुकानात सोलर पॅनलसकट जी किंमत सांगितली, तिच्या जवळजवळ निम्म्यात, ६,५०० रुपयांना, एका वेबसाइटवर मशीन दिसत होती. फोटो चांगले, माहिती मराठीत, आणि अगदी तळाशी एक ऐसपैस पट्टा: अमुक ॲग्रो प्रायव्हेट लिमिटेड, हिंगणा एमआयडीसी, नागपूर, पिनकोड, पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर, खाली ‘अटी व शर्ती’ आणि ‘परतावा धोरण’ अशा दोन लिंका. चुलतभाऊ म्हणाला, “भाऊ, नागपूरचंच हाय, आन् जीएसटी बी हाय. मंग काय पायतं?” या ‘जीएसटी हाय’वरच सगळा व्यवहार झाला. म्हणून त्या पट्ट्याबद्दल सविस्तर लिहितोय.

पैसे कसे गेले ते थोडक्यात. आधी बुकिंगचे ९९९ रुपये. मग “गाडी निघाली आहे, उरलेले भरा” म्हणून ५,५०१. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एका ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला आणि ई-वे बिलासाठी २,३०० मागितले. माल पोचला की परत मिळतील म्हणे. इथं माझा भाचा मधे पडला. तो पांढरकवड्यात एका करसल्लागाराकडे कामाला आहे, दिवसभर हेच कागद करतो. ई-वे बिल हा माल नेताना ऑनलाइन काढायचा परवाना, तो काढायला सरकार एक रुपयाही घेत नाही, आणि पन्नास हजारांच्या आतल्या मालाला तो साधारणपणे लागतही नाही. साडेसहा हजारांच्या मशीनला ई-वे बिलाचे पैसे मागणारा माणूस मशीन विकतच नसणार, हे त्यानं ऐकताक्षणी ओळखलं. तिसरा हप्ता वाचला. पहिले दोन गेले.

मग त्यानं तो तळाचा पट्टा माझ्यासमोर उलगडला.

जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो. या वेबसाइटवरचा २४ नं सुरू होत होता, म्हणजे गुजरात. एकाच कंपनीचे दोन राज्यांत दोन नंबर असू शकतात, त्यामुळं एवढ्यावरून चोर ठरत नाही. पण माल नागपूरहून येणार असेल, तर बिलावर नागपूरचा म्हणजे २७ चाच नंबर हवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर मालक कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतं, आणि जीएसटी नंबरात ते सहाव्या जागी येतं. कंपनी असेल तर तिथं C असतो, भागीदारी असेल तर F, एकट्या माणसाचा धंदा असेल तर P. वर नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात सहावं अक्षर P. कंपनीला माणसाचा पॅन असूच शकत नाही. हे बघायला इंटरनेटसुद्धा लागत नाही, नुसता नंबर डोळ्यासमोर हवा.

पुढचं काम services.gst.gov.in वर. तिथं ‘Search Taxpayer’ मध्ये नंबर टाकायचा, चित्रातले आकडे भरायचे, बस. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नंबर खरा निघाला. चालू होता, रिटर्नही वेळेवर भरलेले. पण मालक म्हणून एका माणसाचं नाव, धंद्याचं नाव एक साडी सेंटर, पत्ता गुजरातमधल्या एका बाजारपेठेतला. विकायच्या मालाच्या यादीत कापड. “मामा, नंबर तर खराच हाय, पन या लोकायचा नाही,” भाचा म्हणाला.

त्या साडीवाल्याचा फोन शोधून आम्ही लावला. बिचारा वैतागलेला होता. आमच्याआधीही लोकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या. त्याचा नंबर चोरायला काही विशेष करावं लागलेलं नाही. जीएसटीच्या नियमानुसार दुकानदाराला नोंदणीचं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी ठळक लावावं लागतं आणि नंबर दाराच्या पाटीवर लिहावा लागतो. बिलावर तर तो असतोच. रस्त्यावरून जाणारा कोणीही टिपून घेईल अशी ती गोष्ट आहे. त्यामुळं वेबसाइटवर खरा जीएसटी नंबर दिसला यावरून एवढंच कळतं की असा नंबर जगात कोणाकडे तरी आहे. तो समोरच्याचाच आहे का, हे नंबर सांगत नाही. ते नाव जुळवूनच कळतं.

आणि नावं जुळवायला आमच्याकडे सगळं होतं. वेबसाइटवर कंपनीचं एक नाव. जीएसटीच्या नोंदीत दुसरं. क्यूआर कोडच्या फोटोवर वर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव छापलेलं होतं, पण स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी अ‍ॅपमध्ये तिसऱ्याच माणसाचं नाव आलं. “अकाउंटंटचं खातं आहे” असं फोनवरच्या बाईनं सांगितलं होतं. छापलेला कागद कोणीही बनवतो. अ‍ॅपमध्ये दिसणारं नाव बँकेच्या खात्यावरून येतं, म्हणून माझ्या मते या सगळ्यात वजनदार पुरावा तोच.

‘अटी व शर्ती’चं पान आम्ही नंतर वाचलं, आणि खरं सांगायचं तर ते वाचून हसू आलं. मजकूर इंग्रजीत, लांबच्या लांब. मध्येच एका परिच्छेदात भलत्याच कंपनीचं नाव, दुसरीकडे चौकटी कंसात ‘Company Name’ तसंच राहिलेलं. परतावा ‘सात दिवसांत’, पण वस्तू पाठवायची कुठं तो पत्ता नाही, आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा तेही नाही. शेवटी: वाद झाल्यास फक्त बंगळूरच्या कोर्टात. नागपूरच्या कंपनीला, गुजरातच्या नंबरावर धंदा करताना, बंगळूर कशाला हवं? कोणाची तरी अटींची पानं उचलून चिकटवली होती आणि वाचायचे कष्टही घेतले नव्हते.

त्या कोर्टाच्या ओळीला घाबरून पुष्कळ जण तक्रारच करत नाहीत, म्हणून हेही सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. आमच्यासाठी ते यवतमाळ. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. अडचण वेगळीच आहे: आयोग नोटीस पाठवणार कोणाला? हिंगण्याच्या त्या प्लॉटवर चुलतभावाचा साळा जाऊन आला. तिथं वेगळ्याच मालाचा कारखाना आहे, त्यांना यातलं काही माहीत नाही. साडीवाल्यानं आमच्याकडून काही घेतलेलं नाही. पत्ता आणि कायदेशीर नाव वेबसाइटवर लागतं ते यासाठीच, की उद्या भांडण झालं तर पकडायला कोणीतरी असावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत वेबसाइटवरून विकणाऱ्यानं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, फोन, ईमेल आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती देणं बंधनकारक केलं आहे. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. आमच्या वेबसाइटवर तक्रार अधिकारी म्हणून नुसतं ‘सपोर्ट टीम’ होतं.

म्हणून आमची तक्रार ग्राहक आयोगाकडे नाही, सायबर गुन्ह्याची झाली. भाच्यानं लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावला, दोन्ही व्यवहारांचे नंबर दिले आणि cybercrime.gov.in वर स्क्रीनशॉट चढवले. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढं सरकायच्या आत फोन झाला तरच ते गोठवता येतात. आमचं बुकिंग आधीच पुढं गेलं होतं. दुसऱ्या रकमेतला काही भाग अडकला आहे आणि तो सोडवायला अजून कागद फिरताहेत. वेबसाइट आता उघडत नाही. तळाच्या पट्ट्याचा, अटींच्या पानाचा आणि वरच्या पत्त्याच्या ओळीचा फोटो आधी काढून ठेवला होता, नाहीतर पोलिसांना दाखवायलाही काही उरलं नसतं.

मशीन शेवटी आम्ही वणी रोडवरच्या एका पोराकडून घेतली. तो स्वतः जोडतो आणि दुरुस्तही करतो. त्याचीही छोटी वेबसाइट आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यावर फोटो आणि मोबाइल नंबर सोडून काहीच नव्हतं. खरा माणूस, पण कागदावर त्या चोरापेक्षा संशयास्पद. भाच्यानं बसून त्याचं पान नीट करून दिलं. जीएसटीच्या नोंदीत आहे तेच नाव, स्पेलिंगसकट, कारण त्यात एका अक्षराचाही फरक पडला तर तपासणारा बिचकतो. गट नंबर, गाव, तालुका आणि पिनकोडसह दुकानाचा पत्ता. नंबर फोटोत नाही, मजकुरात, म्हणजे लोकांना उचलून पोर्टलवर टाकता येतो. प्रमाणपत्राचा स्कॅन मात्र टाकू दिला नाही. त्यावर मालकाचा फोटो आणि पुष्कळ काही असतं आणि ते दुसऱ्याच्या वेबसाइटवर चिकटवायला सोपं जातं. अटी अर्ध्या पानाच्या, मराठीत: बिघाड निघाल्यास किती दिवसांत बदलून देणार, बॅटरीची हमी वेगळी की एकच, येण्या-जाण्याचं भाडं कोणाकडे.

आणि सगळ्यात वर ठळक एक ओळ, जी त्या पोराला आधी उगाच वाटत होती: पैसे फक्त या नावाच्या खात्यात घेतले जातात, दुसरं नाव दिसलं तर पिन टाकू नका आणि आधी दुकानात फोन करा.