घरचा खवा: मोठ्या आचेवर की मंद आचेवर?

घरी खवा करायचा ठरवल्यावर पहिला प्रश्न आचेचा येतो. कढईपाशी उभे राहून, दूध एकसारखे ढवळत, मोठ्या आचेवर अर्ध्यापाऊण तासात काम उरकावे, की आच मंद ठेवून, इतर कामे करता करता, अधूनमधून हात फिरवत दीड तासापर्यंत दूध आटू द्यावे? दोन्ही मार्गांनी खवा होतो. मात्र दोन्हींचा रंग, पोत आणि चव सारखी उतरत नाही, आणि पुढे त्या खव्याचे काय करायचे आहे यावर निवड अवलंबून असते. पुढील तुलना १ लिटर सायीसकट म्हशीच्या दुधाची, म्हणजे पिशवीवर ६ टक्के स्निग्धांश लिहिलेल्या दुधाची आहे. भांडे जाड बुडाची, पसरट कढई धरले आहे.

दोन्ही पद्धतींत करायचे काम एकच आहे. अशा १ लिटर दुधात साधारण १५० ग्रॅम घन भाग असतो आणि बाकीचे पाणी असते. त्यातून सुमारे ८०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडले की २०० ते २२० ग्रॅम खवा हाती येतो. तेवढे पाणी उडवायला लागणारी उष्णता आच लहान ठेवल्याने कमी होत नाही, म्हणून मंद आचेवर गॅस वाचतो ही समजूत बरोबर नाही. उलट कढई जितका वेळ गरम राहते तितकी तिच्या कडांवाटे उष्णता वाया जाते. त्यामुळे तुलना इंधनाची नसून, दूध किती वेळ तापत राहते आणि त्या वेळात त्याच्यावर किती लक्ष ठेवता येते, याची आहे.

मोठ्या आचेची पद्धत हलवायांची आहे. ते एका वेळी थोडे दूध घेतात, खळखळ उकळी कायम ठेवतात आणि कालथा तळाशी घासत राहतात. घरच्या मोठ्या बर्नरवर १ लिटर दुधाला अशा रीतीने साधारण ३५ ते ४५ मिनिटे लागतात. दूध कमी वेळ तापल्याने खवा पांढरा किंवा फिकट मलईच्या रंगाचा राहतो, चव दुधाची राहते आणि पोत मऊ, एकजीव येतो, कारण सततच्या हालचालीमुळे पृष्ठभागावर साय धरायला वेळच मिळत नाही. याची किंमत दोन गोष्टींत मोजावी लागते. कढई दुधाच्या तिप्पट तरी मोठी हवी, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत दूध उतू जाते. आणि शेवटच्या टप्प्यात एक मिनिटसुद्धा तिथून हलता येत नाही.

ढवळण्याची गरज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी नसते. दूध पातळ असते तोवर उकळीच त्याला खालीवर फिरवत असते, त्यामुळे तळाचा थर एका जागी फार वेळ थांबत नाही. या काळात अर्ध्याएक मिनिटाने तळ आणि कडा खरवडल्या तरी पुरते. दूध निम्म्याहून कमी झाले की ते जड होते, उकळीचे फिरणे मंदावते आणि तळाला टेकलेला थर तिथेच तापत राहतो. दूध लागते ते इथे. म्हणून यापुढे कालथा थांबू नये, आणि तो सपाट टोकाचा असावा. गोल चमचा किंवा डाव तळाला एका रेघेपुरताच स्पर्श करतो आणि बाकीचा तळ तसाच राहतो.

मंद आचेवर दूध जेमतेम उसळत राहते आणि १ लिटरला ७५ ते ९० मिनिटे लागतात. तीन-चार मिनिटांनी एकदा ढवळले तरी दूध सहसा लागत नाही, त्यामुळे ज्या व्यक्तीला एकटीने स्वयंपाकघर सांभाळायचे आहे तिला ही पद्धत खरोखर सोयीची आहे. पण या मोकळ्या वेळाचे दोन परिणाम खव्यात उतरतात. पहिला रंगाचा: दुधातील साखर आणि प्रथिने जितका जास्त वेळ एकत्र तापतात तितका खवा बदामी होत जातो आणि त्याला खरपूस गोडसर वास येतो. दुसरा पोताचा: पुन्हापुन्हा धरणारी साय मोडून आत मिसळली तरी तिचे धागे राहतात, आणि कडेला वर चढलेले दूध वाळून त्याची खरवड होते. ती ओली असतानाच खाली ओढून घेतली तर मिसळून जाते. कडक झाल्यावर ओढली तर तिचे कण तयार खव्यात दाताखाली येतात. बासुंदीला किंवा रबडीला हीच साय हवी असते, पण पेढ्याला नको असते. मंद आच निवडल्यास हात कमी वेळा फिरवला तरी चालतो, पण फिरवताना कडा सोडून चालत नाही.

माझ्या मते घरासाठी सर्वांत चांगला मार्ग या दोन्हींच्या मध्ये आहे आणि त्याचा कणा मोठ्या आचेचाच आहे: दूध सुमारे ४०० मिलिलिटर उरेपर्यंत आच मोठी ठेवावी, नंतर मध्यम करावी आणि गोळा धरू लागताच अगदी मंद करावी. म्हशीचे दूध साधारण अडीच पट घट्ट झाले की त्यातील प्रथिने एकत्र येऊ लागतात. आतापर्यंत गुळगुळीत दिसणारे दूध अचानक रवाळ, पिठल्यासारखे दिसते आणि बुडबुडे मोठे होऊन फटफट फुटू लागतात. हे शिंतोडे हातावर उडून भाजतात, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्यावा. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत आच मंद असायलाच हवी, मग आधीची पद्धत कोणतीही असो, कारण घट्ट गोळ्यातून उष्णता सावकाश पसरते आणि मोठ्या आचेवर वरचा भाग ओला असतानाच खालचा करपतो.

आता कढई सोडण्याची वेळ. घट्टसर लगदा आधी तळाला चिकटतो आणि कालथ्याने ओढला की मागे दुधाचा पातळ थर राहतो. पाणी आणखी कमी झाले की तो थर राहीनासा होतो, कालथ्यामागे स्वच्छ वाट दिसते आणि ती लगेच भरून येत नाही. त्यानंतर लगदा कडांपासून सुटतो, कालथ्याबरोबर एका गोळ्यात फिरतो, बुडबुडे थांबतात आणि पृष्ठभागावर तुपाची हलकी चकाकी येते. गॅस इथे बंद करावा. खवा या क्षणी हवा त्यापेक्षा सैल वाटतो, पण निवताना तो घट्ट होतो आणि गरम कढई त्याला आणखी दोन-तीन मिनिटे शिजवत राहते. म्हणून तो लगेच ताटात काढावा. शंका असेल तर अर्धा चमचा खवा थंड वाटीत घेऊन मिनिटभर थांबावे आणि बोटांत वळून पाहावा. गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही, तर तो झाला आहे. कढईत तूप वेगळे साचू लागले आणि खवा भुरभुरीत दिसू लागला, तर वेळ टळून गेली असे समजावे. लगेच दोन-तीन चमचे गरम दूध घालून मंद आचेवर ढवळल्यास तो बराचसा परत जुळतो. तळ लागल्याचा वास आला तर मात्र खरवडू नये. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा, कारण करपलेला एक थर मिसळला तरी त्याची चव साऱ्या खव्याला लागते.

नॉनस्टिक कढई घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या कढईला दूध मुळातच फारसे धरत नाही, त्यामुळे ‘कढई सोडली’ ही खूण तिथे लवकर दिसते आणि खवा ओला राहतो. तिथे बुडबुडे थांबणे आणि बोटांत गोळी वळणे याच खुणांवर विसंबावे. लोखंडी कढईत काम वेगाने होते, पण रंग थोडा गडद येतो.

दुधाच्या बाबतीत सांगायचे तर गायीच्या दुधाचा खवा १ लिटरला १७० ते १९० ग्रॅमच पडतो, पिवळसर असतो आणि चवीला किंचित खारट लागतो. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्केच असल्याने तो चिकट होतो आणि कढई नीट सोडत नाही. तिथे कोणतीही आच लावली तरी उपयोग नसतो.

पदार्थ ठरलेला असेल तर निवड सोपी होते. पेढे आणि खव्याच्या मोदकांसाठी मोठ्या आचेचा, पूर्ण गोळा धरलेला पांढरा खवा घ्यावा. गुलाबजामांसाठी तीच पद्धत वापरावी, पण दोन-तीन मिनिटे आधी, गोळा अजून सैल असतानाच थांबावे, कारण कोरड्या खव्याचे गुलाबजाम तळताना तडकतात. साटोऱ्या आणि खव्याच्या करंज्यांचे सारण पुन्हा भाजलेच जाते, शिवाय त्यांना खरपूसपणा शोभतो. तिथे मंद आचेचा बदामी खवा चांगला लागतो आणि थोडी रवाळ साय खपून जाते.

समजा, गणपतीत मोदकांसाठी ४०० ग्रॅम खवा हवा आहे, म्हणजे २ लिटर दूध लागणार. ते एकाच कढईत घातले तर बर्नर तोच असल्यामुळे वेळ दुप्पट होतो: मोठ्या आचेवरही सव्वा ते दीड तास. म्हणजे मोठी आच ठेवूनसुद्धा दूध मंद आचेइतकाच वेळ तापते आणि पांढरेपणाचा फायदा उरत नाही. शेवटी जड गोळा ढवळताना हातही लवकर थकतो आणि दूध लागते ते नेमके तेव्हाच. म्हणून १-१ लिटरचे दोन घाणे करावेत. घरात दोन मोठे बर्नर आणि दोन माणसे असतील तर ते एकाच वेळी होतात. एकटे असल्यास पहिला घाणा उतरवून, कढई घासून मग दुसरा चढवावा, कारण आधीची खरवड नव्या दुधात काळे कण सोडते. दोन्ही घाणे कोमट असताना एकत्र मळले की घट्टपणातला फरक निघून जातो. पावसाळी हवेत हा खवा बाहेर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये झाकण लावून ठेवल्यास चार-पाच दिवस टिकतो. वापरण्याआधी तो बाहेर काढून मऊ होऊ द्यावा आणि मगच मळावा.