दोन टप्प्यांची मंजुरी आणि महिन्याच्या पोस्ट एकदम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या एका फरसाण-मिठाईच्या दुकानाचे इन्स्टाग्राम आणि फेसबुक मी सांभाळते. एप्रिल २०२५पर्यंत मंजुरीचे सगळे काम व्हॉट्सअ‍ॅपवर चाले. मी चार चित्रे पाठवायची, दोन तासांनी दुकानाच्या मालकांचा, म्हणजे काकांचा अंगठा यायचा, आणि तो नेमका कोणत्या चित्राला आहे हे मी अंदाजाने ठरवायचे. मग मी गूगल शीटमध्ये एक कॅलेंडर मांडले. गेले आठ महिने महिन्याच्या सोळा पोस्ट त्यातूनच जातात, त्यामुळे आता त्याविषयी थोडे खात्रीने लिहिता येईल.

प्रत्येक पोस्टला एक ओळ आणि मंजुरीचे दोन टप्पे, असा हा सगळा कारभार आहे. मागच्या महिन्याच्या १२ तारखेपर्यंत विषय आणि कॅप्शन काकांच्या सूनबाई वाचतात. ते पक्के झाल्याशिवाय मी डिझाइनला हात लावत नाही, कारण तयार चित्रातला शब्द बदलणे हे कागदावरचा शब्द बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ खाते. २२ तारखेपर्यंत तयार चित्रे आणि रील काका स्वतः पाहतात. मुदतीत उत्तर आले नाही तर ती पोस्ट मंजूर धरली जात नाही. तिच्या जागी आधीच मंजूर करून ठेवलेली, सणाशी किंवा किमतीशी संबंध नसलेली एखादी राखीव पोस्ट जाते. हा नियम सांगताना मला थोडा संकोच वाटला होता, पण काकांना तो फार आवडला, कारण रात्री अकराला येणारे माझे 'पाहिलंत का?' बंद झाले.

चित्रीकरण महिन्यातून एकाच सकाळी, दुकान उघडण्याआधी होते. इथे एक गोष्ट फार उशिरा कळली. मी पदार्थ कॅलेंडरच्या क्रमाने मांडत असे, आणि जिलबीची पाळी येईपर्यंत तिच्या पाकाची चकाकी मावळलेली दिसायची. आता जिलबी आणि गरम भजी आधी, मग चकली-शेव, आणि बर्फी-लाडू शेवटी, कारण ते तासभर थांबले तरी फोटोत तसेच दिसतात. कॅप्शनबाबत मात्र एका बैठकीचा आग्रह मी सोडला. सोळा कॅप्शन सलग लिहिली की दहाव्यानंतर प्रत्येक पदार्थ 'खमंग' आणि 'खुसखुशीत' होतो. म्हणून आता दोन दिवस, आठ-आठ.

या पद्धतीची खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. त्या महिन्याच्या सर्व पोस्ट ऑगस्टअखेर मंजूर होऊन शेड्यूलही झाल्या होत्या. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने पाकीटबंद फरसाणावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला, आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू होणार होता. करासह १४० रुपयांना विकल्या जाणाऱ्या पाव किलो चिवड्याची मूळ किंमत १२५ रुपये, म्हणजे नवा भाव १३१ रुपये २५ पैसे. काकांनी १३१ ठेवला. २२ तारखेनंतरच्या पाच पोस्टमध्ये जुना भाव थेट चित्रावर छापलेला होता. मी चित्रे बदलली, पण एका पोस्टमध्ये चार चित्रे होती आणि त्यातले तिसरे माझ्या नजरेतून सुटले. शीटमध्ये त्या ओळीपुढे 'अंतिम मंजूर' असेच लिहिलेले होते, म्हणून मीही पुन्हा उघडून पाहिले नाही. तो फोटो मोबाइलवर घेऊन एक गिऱ्हाईक गल्ल्यापाशी उभे राहिले, तेव्हा चूक कळली.

दोष मुदतीचा नव्हता. मंजुरी ओळीला दिलेली होती, त्या ओळीतल्या विशिष्ट आवृत्तीला नव्हती, म्हणून ऑगस्टची मंजुरी सप्टेंबरच्या बदललेल्या चित्रांनाही आपोआप लागू झाली. आता 'एफ' रकान्यात सध्याच्या फाइलचा आवृत्ती-क्रमांक मी लिहिते आणि 'एच' रकान्यात पाहिलेल्या आवृत्तीचा क्रमांक काका लिहितात. तो रकाना संरक्षित असून त्यात भरण्याची मुभा फक्त त्यांना आहे. (शीट माझ्या मालकीची असल्यामुळे मलाही तो तांत्रिकदृष्ट्या बदलता येतो, तिथे शिस्तच कामाला येते.) सशर्त रंगासाठी हे सूत्र दिले आहे:

```
=$F2<>$H2
```

एक चित्र जरी बदलले तरी मी क्रमांक वाढवते, ओळ लाल होते, आणि लाल ओळ शेड्यूल होत नाही. शिवाय भाव आता चित्रावर नसतो, फक्त कॅप्शनमध्ये असतो, कारण तिथे तो प्रसिद्धीनंतरही बदलता येतो.

दिवाळीत मंजुरीच्या दोन टप्प्यांचाही उपयोग झाला. लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ला, यावर पंचांगांत मतभेद होते. सूनबाईंनी पहिल्याच टप्प्यात २१ तारीख पक्की केली आणि तीन पोस्ट चित्रीकरणाआधीच पुढे सरकल्या.

एक उणीव अजून आहे. काका शीट मोबाइलवर उघडतात आणि अरुंद पडद्यावर 'एच' रकाना दिसण्यासाठी त्यांना शीट बाजूला सरकवावी लागते, म्हणून महिन्यातून एकदोनदा ते क्रमांक लिहायचा विसरून फोनच करतात. फोनवरचा होकार मी घेत नाही. 'काका, तेवढा आकडा टाका' म्हणते आणि ओळ लालच ठेवते.