सात वर्षांनी गाडीला काय मिळेल? नवी गाडी घेण्याआधी करायचा हिशेब

नवी गाडी निवडताना आपण शोरूमची किंमत, मायलेज आणि फीचर्स यांची तुलना करतो. सात वर्षांनी गाडी विकताना किती येतील, हा आकडा बहुतेकांच्या वहीत नसतो. प्रत्यक्षात पेट्रोलखालोखाल मोठा खर्च किंमत उतरण्यात जातो. तो आधी काढता येतो, आणि काढला की कधीकधी निवड बदलते. इथे उदाहरण म्हणून सहा-साडेसहा लाखांची छोटी हॅचबॅक आणि पुणे-मुंबईसारखा बाजार धरला आहे. गाडी घरच्या वापराची, वर्षाला साधारण 11,000 किलोमीटर चालणारी.

पहिला प्रश्न असा की हिशेब कोणत्या किमतीपासून सुरू करायचा. ऑन-रोड किंमत त्यासाठी चालत नाही, कारण विमा, ॲक्सेसरीज आणि हाताळणीचे पैसे पुढचा ग्राहक देत नाही. तुम्ही त्या वेळी भरलेली एक्स-शोरूम किंमतही चालत नाही. धरायची ती त्याच मॉडेलची, त्याच व्हेरियंटची आजची एक्स-शोरूम किंमत, आणि तीही आज मिळणारी सूट वजा करून. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस मनात नव्या गाडीशीच तुलना करत असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा एकूण कर 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्यामुळे 7.10 लाखांची गाडी सुमारे 6.50 लाखांना मिळू लागली. आधीच्या वर्षी 7.10 मोजणाऱ्याची गाडी तेवढीच चांगली होती, पण तिची किंमतही साडेआठ टक्के कमी झालेल्या आकड्यापासून मोजली जाऊ लागली.

दुसरा प्रश्न उतरण्याच्या वेगाचा. विमा कंपन्यांचं आयडीव्हीचं, म्हणजे विम्यासाठी धरायच्या गाडीच्या किमतीचं, कोष्टक बहुतेकांनी पाहिलेलं असतं: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घट, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. हे कोष्टक सगळ्या मॉडेलांना एकच माप लावतं, बाजार तसं करत नाही. म्हणून त्याला मधली रेषा समजा. मजबूत मॉडेल पाच वर्षांनी या रेषेच्या वर असतं, कमजोर मॉडेल खाली.

वर की खाली, हे घरबसल्या काढायची रीत आहे. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत तेच मॉडेल, तोच व्हेरियंट, तेच इंधन आणि जवळपासचं पासिंग निवडा. तीन, पाच आणि सात वर्षं जुन्या, पहिल्या मालकाच्या निदान पाच-पाच गाड्या पाहा. टोकाचे आकडे सोडून मधला आकडा घ्या, तो आठ-दहा टक्क्यांनी कमी करा (जाहिरातीतली किंमत म्हणजे घासाघीस सुरू होण्याची जागा) आणि आजच्या नव्या किमतीने भागा. एक काळजी घ्यावी लागते. ज्या गाड्या महिनाभर जाहिरातीत पडून आहेत त्यांची किंमत बहुधा जास्त लावलेली असते, आणि योग्य भावाच्या गाड्या आठवड्यात निघून गेलेल्या असतात. तेव्हा जुन्या तारखेच्या जाहिराती वगळा. एप्रिल 2020 च्या आधीची गाडी बहुधा प्रदूषणाच्या जुन्या नियमांची, म्हणजे बीएस-4 असते, त्यामुळे तिचा भाव बीएस-6 गाडीच्या रांगेत बसवू नका.

आता दोन गाड्या शेजारी ठेवू. ‘अ’ ही खूप खपलेली, गावोगावी सर्व्हिस असलेली हॅचबॅक. सूट शून्य, किंमत 6.50 लाख. ‘ब’ची यादीतली किंमत तीच, पण तिच्यावर 40 हजारांची सूट आणि दोन-तीन फीचर्स जास्त, खप मात्र कमी. समजा वरच्या रीतीने ‘अ’चा वेग पहिल्या वर्षी 15 टक्के आणि पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 9 टक्के निघाला, आणि ‘ब’चा 20 व 13 टक्के.

| | ‘अ’ | ‘ब’ |
|---|---|---|
| दिलेली किंमत | 6.50 लाख | 6.10 लाख |
| एक वर्षानंतर | 5.53 लाख | 4.88 लाख |
| सात वर्षांनंतर | 3.14 लाख | 2.12 लाख |
| गेलेले पैसे | 3.36 लाख | 3.98 लाख |

40 हजारांची सूट घेऊनही ‘ब’ 62 हजारांनी महाग पडली, म्हणजे महिन्याला साधारण 740 रुपये. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ‘ब’ जास्त आवडत असेल तर ती जरूर घ्या. सुरक्षेची रचना चांगली असेल तर एवढे पैसे त्यासाठी मोजणं आम्हाला योग्यच वाटतं. सूट म्हणजे फायदाच झाला असं मात्र समजू नका. कायम सूट मिळणाऱ्या मॉडेलच्या जुन्या किमतीतून तीच सूट पुन्हा कापली जाते.

‘अ’ का टिकते? जुनी गाडी घेणारा बहुधा आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत आणतो आणि निर्णय त्या मेकॅनिकच्या तोंडावर अवलंबून असतो. जे इंजिन कंपनीच्या तीन-चार मॉडेलांत वर्षानुवर्षं बसलं आहे, ज्याचे क्लचप्लेट, सस्पेन्शनचे बुश, सेन्सर तालुक्याच्या दुकानातही मिळतात, त्याला तो लगेच होकार देतो. याची उलट बाजू फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तेव्हा दिसली. सर्व्हिस आणि सुटे भाग चालू राहणार असं कंपनीने सांगितलं होतं, गाड्याही दणकट होत्या, तरी भाव घसरले. 2017 च्या शेवटी शेवरोलेने विक्री बंद केली तेव्हाही हेच झालं. पुढे भाग मिळेल की नाही ही शंकाच किंमत पाडायला पुरते.

व्हेरियंटचं गणितही याच अंगाने जातं. मधला व्हेरियंट सर्वात चांगला टिकतो. अगदी खालच्यात मागच्या पॉवर विंडो, म्युझिक सिस्टीमसारख्या गोष्टी नसल्याने ग्राहक थोडे. वरच्यासाठी नवीन असताना लाखभर जास्त दिलेले असतात, पण सात वर्षांनी त्यातले पंचवीस-तीस हजार मिळाले तरी खूप, कारण तोवर टचस्क्रीन जुना झालेला असतो आणि सनरूफच्या रबरातून पाणी येईल का, ही भीती जास्त असते. रंगाचं म्हणाल तर पांढरा आणि चंदेरी सहज खपतात. भडक रंगाला किंमत कमी येते असं नेहमी नाही, पण ग्राहक यायला वेळ लागतो.

खरी कसोटी इंधन निवडताना लागते. कंपनीने बसवलेली सीएनजी घेतली तर समजा 90 हजार जास्त गेले. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि 18 चं मायलेज, सीएनजी 92 रुपये किलो आणि 25 चं मायलेज धरलं तर किलोमीटरमागे साधारण 2.10 रुपये वाचतात. वर्षाला 11,000 किलोमीटरवर 23 हजार. म्हणजे चार वर्षांत जास्तीचे पैसे वसूल, आणि सातव्या वर्षी त्यातले तीस-चाळीस हजार विक्रीतही परत येऊ शकतात. पण सीएनजी घेणारा गाडी जास्त चालवतो. दीड लाख किलोमीटर झालेली सीएनजी गाडी साठ हजार झालेल्या पेट्रोल गाडीपेक्षा स्वस्तच जाते, आणि ग्राहकाला ती आधी टॅक्सीत होती का, ही शंका येते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट चुकली असेल, किंवा किट बाहेरून बसवून आरसीवर नोंद केलेली नसेल, तर भाव आणखी तुटतो. पंप लांब असलेल्या तालुक्यात तर सीएनजीचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

डिझेलबद्दल थोडक्यात: महाराष्ट्रात डिझेल गाडीचा एकरकमी कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, आणि छोट्या गाडीत तो विकताना परत मिळत नाही. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, आणि बीएस-6 मध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर, यांतलं एक जरी गेलं तरी खर्च मोठा, म्हणून ग्राहक ती भीती किमतीतून वजा करतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांचं वेगळं आहे. तिथे खराब रस्ता, माणसं आणि ओझं यांसाठी डिझेलच हवं असतं, आणि भावही तसाच टिकतो.

ऑटोमॅटिकमध्ये सगळे प्रकार एका मापाने मोजू नका. एएमटीत क्लच आणि गिअरबॉक्स मूळ मॅन्युअलसारखेच, वर फक्त ते आपोआप चालवणारा ॲक्च्युएटर. त्यामुळे मेकॅनिक फारसा घाबरत नाही. टॉर्क कन्व्हर्टर टिकाऊ म्हणून ओळखला जातो. ड्राय क्लचवाला ड्युअल क्लच शहराच्या सरकत्या गर्दीत तापतो, त्याची दुरुस्ती महाग असते आणि वॉरंटी संपताच त्याची किंमत सर्वात वेगाने उतरते. मुंबई-पुण्यात ऑटोमॅटिकला जास्त पैसे मिळतात, लहान गावात उलट होऊ शकतं. इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर बॅटरीची वॉरंटी (बऱ्याच गाड्यांना 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर) दुसऱ्या मालकाकडे जाते का, आणि गेली तर किती, ही एक ओळ करारात शोधा. जुन्या गाडीचा भाव त्या ओळीवर ठरतो.

मॉडेल चांगलं निवडलं तरी तुमच्या हातातली गाडी त्या सरासरीतून खाली जाऊ शकते. खरेदीदार रंगाची जाडी मापकाने तपासतात. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, 200 च्या वर गेला की पुन्हा रंगवलेला, 300 च्या वर गेला की खाली पुट्टी असण्याची शक्यता. दार किंवा बंपर रंगवला असेल तर फार फरक पडत नाही. पण खांब, छप्पर किंवा पुढच्या ॲप्रनवर काम झालेलं दिसलं तर गाडी ‘ॲक्सिडेंटल’ ठरते आणि भाव खूप पडतो. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहतात, म्हणून प्रत्येक सर्व्हिसचं बिल जपून ठेवा. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा त्याच महिन्यात उतरवा. व्यवहाराच्या दिवशी ही धावपळ निघाली की ग्राहक थांबत नाही, किंवा त्याच कारणाने पैसे पाडून मागतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर देऊ नका. तो मालकाचा असतो आणि नव्या गाडीच्या विम्यात 50 टक्क्यांपर्यंत उपयोगी पडतो.

विक्रीचं वर्षही आताच ठरवा. जुन्या गाडीवर कर्ज देणाऱ्या बऱ्याच बँका कर्ज संपेपर्यंत गाडीचं वय दहा वर्षांच्या पुढे जाऊ नये अशी अट घालतात. सहाव्या वर्षी विकली तर ग्राहकाला चार वर्षांचं कर्ज मिळू शकतं, आठव्या वर्षी जेमतेम दोनचं, आणि रोख पैसे देणारे ग्राहक मोजकेच असतात. सातवं वर्ष पूर्ण व्हायच्या आधी जाहिरात टाका, आणि त्याच सुमारास मॉडेलची नवी पिढी येणार अशा बातम्या असतील तर ती बाजारात येण्याआधी.