योगा क्लास: चौदा जणांचा की पस्तीस जणांचा?

कोथरूडमध्ये दोन क्लासला महिना महिना गेले, कारण वय ४४, दिवसभर कॉम्प्युटर, मान आखडलेली आणि डॉक्टरांनी "योगा करा" एवढंच सांगून सोडून दिलेलं. नावं देत नाही, एकाला अय्यंगारवाला म्हणते आणि दुसऱ्याला फ्लोवाला. मैत्रीण विचारत होती कुठला लावू, तिला जे सांगितलं तेच लिहितेय.

अय्यंगारवाल्यात आठवड्यातून दोन दिवस क्लास, बॅचमध्ये चौदा जण, एक बाई शिकवतात आणि एक मदतीला असते. पहिल्या दिवशी फॉर्म, त्यात बीपी, स्लिप डिस्क, काचबिंदू, ऑपरेशन झालंय का सगळं विचारलेलं आणि मुख्य म्हणजे बाईंनी तो वाचला पण, कारण क्लास सुरू व्हायच्या आधीच "मानेचं कोणाला आहे?" म्हणून त्या माझ्याकडेच आल्या. फ्लोवाल्यात सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा, पस्तीसच्या आसपास लोक, स्टेजवर सर स्वतः आपल्याबरोबर करतात, मागे गाणी. फॉर्म तिथेही होता पण "काही झालं तर जबाबदारी माझी" अशा अर्थाच्या ओळीखाली सही, बाकी काही नाही.

खरा फरक कळला सर्वांगासनाला. फ्लोवाल्यात सूर्यनमस्कार झाले की सर म्हणाले पाय वर, कंबरेला हात, तीस सेकंद. मॅट पातळ, त्यामुळे मानेच्या खाली जो मणका हाताला लागतो ना तो सरळ फरशीवर टेकला आणि त्यावर वजन. शेजारच्या काकू मान वळवून बघत होत्या आपले पाय सरळ आहेत का, आणि या आसनात मान वळवणं तर सगळ्यात वाईट, पण सर स्वतःच उलटे झालेले, त्यांना काय दिसणार! चूक त्यांची नाही म्हणा, पस्तीस जणांत एक माणूस करून पण दाखवणार आणि बघणार पण, हे होतच नाही.

अय्यंगारवाल्यात दीड महिना सर्वांगासन नाहीच असं आधीच सांगितलं. पहिले कित्येक क्लास ताडासन, त्रिकोणासन, पावलात अंतर किती, मागच्या पायाची टाच उचलली जातेय का, खरं सांगायचं तर कंटाळा आला मला. पण जुन्या लोकांना बघितलं, चार ब्लँकेटच्या घड्या एकावर एक, त्यावर फक्त खांदे, डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मान कमी वाकते आणि मणका दाबला जात नाही, कोपराच्या वर पट्टा, कोपरं फाकू नयेत म्हणून. बाई आधी दाखवतात, मग स्वतः करत नाहीत, फिरत राहतात. मला त्या वेळेत भिंतीला पाय लावून खाली बोल्स्टर, म्हणजे लोडासारखी जाड उशी दिली. बीपी वाढलेला आणि काचबिंदूवाला असे दोघं होते त्यांना डोकं खाली असलेलं काहीच नाही, कारण उलटं झालं की डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

आता पैसे आणि खाडे. अय्यंगारवाला महिना १८०० रुपये, आठ क्लास, म्हणजे २२५ ला एक. फ्लोवाला २५००, वीसेक क्लास, १२५ ला एक, ऐकायला एकदम स्वस्त. पण खाडा झाला तर फ्लोवाल्यात गेला तो गेला, पॉज हवा असेल तर सलग सात दिवसांचा आणि आधी कळवून. मी त्या महिन्यात दोनदा गावी, एकदा सर्दी, काही दिवस नुसता आळस, गेले किती तर अकरा दिवस. २५०० भागिले ११ करा, २२७ येतात! अय्यंगारवाल्यात त्याच महिन्यात दुसऱ्या बॅचला बसता येतं, जागा असेल तर, पुढच्या महिन्यात मात्र नेता येत नाही. माझा एक चुकला तो शनिवारच्या बॅचला भरून काढला.

म्हणून तुम्ही रोज जाणारे असाल, तिशीच्या आत-बाहेर, काही दुखत नाही आणि घाम गाळायचाय, तर फ्लोवाला चांगला आहे, मजा पण येते, फक्त मनगट किंवा खांदा दुखायला लागला तर चतुरंग, म्हणजे दंडासारखं खाली जातो ते, गुडघे टेकून करा, सर सांगायची वाट बघू नका. मान, कंबर, बीपी यातलं काही असेल तर लहान बॅच.

ट्रायल क्लासला एकच करा, "मला मानेचा त्रास आहे" असं सांगा आणि बघा काय होतं. "जमेल तेवढं करा" म्हटलं तर समजा की सगळं तुमच्यावरच आहे, आणि काहीतरी वेगळं करायला दिलं तर फी विचारा. मैत्रिणीला फ्लोवाल्यात पहिलं उत्तर मिळालं, तरी तिने तोच लावला कारण तो तिच्या घराखाली आहे, सर्वांगासनाला ती नुसती आडवी पडते म्हणे.