वीन ब्रिज ऑसिलेटर : काही महिन्यांच्या वापरानंतर गेन आणि दिव्याबद्दल

ऑडिओ सर्किट तपासायला स्वच्छ साइन वेव्ह लागते, म्हणून मी स्वतः जोडलेला वीन ब्रिज ऑसिलेटर गेले काही महिने टेबलावर सतत चालू असतो. आधी त्यात डायोडची स्थिरीकरण योजना होती, नंतर ती काढून छोटा फिलामेंटचा दिवा बसवला. दोन्ही रूपं पुरेशी वापरून झाली आहेत. या सर्किटची वारंवारता ठरवणं सोपं आहे. त्याचा खरा कस लागतो तो गेन ३ च्या किंचित वर सुरू करून नंतर बरोबर ३ वर धरून ठेवण्यात, म्हणून या अनुभवाचा बहुतेक भाग त्यावरच आहे.

आधी रचना. ऑप-अँपच्या आउटपुटपासून प्लस इनपुटपर्यंत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सिरीजमध्ये, आणि प्लस इनपुटपासून ग्राउंडला तशीच जोडी पॅरलल. ब्रिजची दुसरी बाजू म्हणजे मायनस इनपुटवरचे दोन रेझिस्टर, जे गेन ठरवतात. आरसी जाळ्यातून जाताना कमी वारंवारतेला फेज पुढे सरकते, जास्त वारंवारतेला मागे पडते, आणि मधल्या एकाच वारंवारतेला फेज शून्य होते. ऑसिलेटर तिथेच चालतो. दोन्ही आर आणि दोन्ही सी सारखे असतील तर:

```
f = 1 / (2πRC)
```

मी १६ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड वापरले. गणित ९९५ हर्ट्झ येतं. एक टक्क्याचे रेझिस्टर आणि चांगले पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर असतील, तर मोजलेली वारंवारता याच्या अगदी जवळ मिळते. इथे एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक कपॅसिटर मात्र लावू नयेत. त्यांची धारकता तापमानानुसारच नाही, तर त्यांच्यावर असलेल्या व्होल्टेजनुसारही बदलते, त्यामुळे वारंवारता सरकते आणि शिवाय डिस्टॉर्शन वाढतं.

आता गेन. फेज शून्य असते त्या ठिकाणी जाळं आउटपुटचा बरोबर एक तृतीयांश भाग प्लस इनपुटवर पोचवतं. तेवढाच परत मिळवायचा तर अँप्लिफायरचा गेन ३ हवा, म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर ग्राउंडकडच्या रेझिस्टरच्या दुप्पट. पण ही सगळी आकडेमोड चारही घटक तंतोतंत जुळतात असं धरून आहे. सिरीजमधले R1, C1 आणि पॅरललमधले R2, C2 वेगळे निघाले तर दोन्ही सूत्रं बदलतात:

```
f = 1 / (2π√(R1·R2·C1·C2))
A = 1 + R1/R2 + C2/C1
```

दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पाच टक्के टॉलरन्सचे कपॅसिटर घेतले आणि नेमका वरचा ५ टक्के कमी, खालचा ५ टक्के जास्त निघाला, तर C2/C1 होतो १.०५ भागिले ०.९५, म्हणजे १.१०५. लागणारा गेन ३.१०५ वर जातो. अशा सर्किटला २० आणि १० किलोओहम लावून काटेकोर ३ चा गेन दिला, तर ते कधीच सुरू होणार नाही. स्कोपवर सरळ रेषा दिसेल आणि माणूस ऑप-अँप बदलत बसेल. म्हणून चालू न होणाऱ्या वीन ब्रिजमध्ये मी आधी दोन्ही कपॅसिटर मीटरवर मोजून बघते आणि जुळणारी जोडी निवडते.

गेन गरजेपेक्षा जास्त ठेवल्यावर लहर किती लवकर वाढते, हेही मोजून सांगता येतं. वाढीचा दर असा आहे:

```
σ = (A − 3) · πf
```

१ किलोहर्ट्झला गेन ३.०५ असेल तर हा दर सेकंदाला सुमारे १५७ येतो, म्हणजे दर ६.४ मिलिसेकंदांनी लहर २.७ पट होते. एक मिलिव्होल्टच्या धक्क्यापासून ४ व्होल्टपर्यंत पोचायला साधारण ५० मिलिसेकंद पुरतात. हाच गेन २० हर्ट्झला ठेवला तर तेच काम अडीच-पावणेतीन सेकंद घेतं. त्यामुळे खालच्या रेंजवर स्विच फिरवल्यावर आउटपुट उगवायला वेळ लागतो तेव्हा सर्किट बिघडलेलं नसतं, तो या सूत्राचा थेट परिणाम असतो. एवढं माहीत असलं की थोडा धीर धरता येतो.

पण वाढ आपोआप थांबत नाही. गेन ३ च्या वर राहिला तर लहर सप्लायच्या मर्यादेला जाऊन आदळते आणि टोकं सपाट होतात. कुणीतरी मोठ्या लहरीला गेन कमी करायला हवा. इथे स्थिरीकरण येतं.

डायोडवाल्या रूपात ग्राउंडकडे १० किलोओहम होता. फीडबॅकमध्ये १६ किलोओहम, आणि त्याच्या सिरीजमध्ये ५.६ किलोओहम, ज्याच्या पॅरललला दोन उलटसुलट १एन४१४८. लहर लहान असताना डायोड बंद, फीडबॅक एकूण २१.६ किलोओहम, गेन ३.१६. लहर वाढली की प्रत्येक शिखराजवळ डायोड वाहू लागतात आणि ५.६ किलोओहमला काही काळ वळसा मिळतो. पूर्ण आवर्तनाचा हिशेब धरला तर ५.६ किलोओहमच्या जागी ४ किलोओहमचा परिणाम उरेल, तिथे लहर थांबते. माझ्या सर्किटमध्ये शिखर साधारण ४ व्होल्टवर स्थिरावलं. चालू होणं झटपट, वारंवारता बदलली तरी लहर डोलत नाही, आणि घटक अगदी किरकोळ.

तरीही मी ते काढलं. डायोड प्रत्येक आवर्तनात लहरीचा आकार वाकवतात, म्हणजे स्थिरीकरणाचं कामच मुळी डिस्टॉर्शन करून होतं. एफएफटीमध्ये तिसरी हार्मोनिक ठळक उभी असते. गेनचा जास्तीचा भाग कमी केला, ३.१६ ऐवजी ३.०३ केला, तर ती बरीच खाली येते, पण मग वर सांगितलेला टॉलरन्सचा प्रश्न समोर उभा राहतो : कपॅसिटर जरा तापले किंवा पॉट फिरवला की लहर मरते. स्वच्छता आणि भरवसा यांची ही ओढाताण डायोडच्या योजनेत सुटत नाही. आउटपुटऐवजी प्लस इनपुटवरून, बफर लावून, सिग्नल घेतला तर तिसरी हार्मोनिक मुख्य लहरीच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने कमी मिळते, कारण आरसी जाळं थोडं गाळून देतं. ही युक्ती उपयोगी आहे, मात्र सिग्नलही एक तृतीयांश उरतो.

मॅक्स वीन यांनी हा ब्रिज १८९१ मध्ये मोजमापासाठी मांडला होता, आणि विल्यम ह्युलेट यांनी १९३९ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात त्यात फिलामेंटचा दिवा बसवून गेन सांभाळला. हे मी अनेकदा वाचलं होतं, पण स्वतः लावल्यावर त्यातला साधेपणा मनापासून आवडला. दिवा ग्राउंडकडच्या जागी जातो. तापला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की गेन घटतो. एनटीसी थर्मिस्टर असेल तर उलट, तो वरच्या फीडबॅकच्या जागी लावायचा, कारण त्याचा रोध तापल्यावर घटतो. जागा चुकली तर लहर वाढली की गेनही वाढतो आणि आउटपुट थेट सप्लायला भिडतं.

मी २८ व्होल्ट, ४० मिलिअँपिअरचा दिवा घेतला. त्याचा पूर्ण प्रकाशातला रोध ७०० ओहम, तर थंड असताना साधारण त्याच्या दहावा भाग. फीडबॅकला ४३० ओहम दिले. गेन ३ यायचा तर दिव्याला २१५ ओहमवर यावंच लागतं, आणि सर्किट तेवढा तापेपर्यंत लहर वाढवत नेतं. तो लालसुद्धा दिसत नाही, इतक्या कमी तापमानावर हे घडतं. सुरुवातीला गेन ७ च्या आसपास असल्याने चालू न होण्याची भीती उरत नाही. पहिला क्षणभर लहर सप्लायला टेकते, मग फिलामेंट तापतं आणि साइन वेव्ह आकाराला येते. ४३० ओहमच्या जागी छोटा पॉट लावला तर विस्तार जुळवता येतो : रोध कमी केला की दिवा कमी तापमानावर थांबतो आणि आउटपुट लहान होतं. पण दिव्याच्या थंड रोधाच्या दुपटीखाली गेलात तर ऑसिलेशन थांबतं.

एक अट आहे. इतक्या कमी रोधाच्या शाखेला आठ-दहा मिलिअँपिअर द्यावे लागतात, त्यामुळे टीएल०७२ इथे दमतो. मी एनई५५३२ लावला, तो ६०० ओहमचा भार सहज पेलतो.

डिस्टॉर्शनमधला फरक एफएफटीवर लगेच दिसतो, कारण फिलामेंट एका आवर्तनात तापत-थंडावत नाही. ते अनेक आवर्तनांची सरासरी धरून बसतं. या सद्गुणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वारंवारता बदलताच विस्तार काही क्षण वरखाली डोलतो, मगच ठरतो. आणि २०-३० हर्ट्झला आवर्तन इतकं लांब होतं की फिलामेंट प्रत्येक अर्ध्या लहरीबरोबर थोडं तापू-निवू लागतं, तेव्हा तिसरी हार्मोनिक पुन्हा डोकं वर काढते. शिवाय टेबलाला धक्का लागला की फिलामेंट थरथरतं आणि आउटपुटही हलकं हलतं. बारीक मोजमाप करताना मी डबा फोमवर ठेवते.

वारंवारता बदलण्यासाठी दुहेरी पॉट लावला आहे. त्याचे दोन ट्रॅक सगळीकडे सारखे नसतात, म्हणजे R1/R2 फिरता फिरता बदलतो आणि लागणारा गेन ३ च्या आसपास हलत राहतो. डायोडच्या रूपात काही जागी लहर गायब व्हायची. दिवा ही तफावत पचवतो, फक्त विस्तार जरा हलतो. लॉग पॉट टाळावा, त्याचं जुळणं सहसा आणखी वाईट असतं. तसंच प्रत्येक ट्रॅकला दीड किलोओहमचा एक स्थिर रेझिस्टर सिरीजमध्ये हवाच, नाहीतर पॉटच्या टोकाला आर शून्यावर जातो.

वरच्या बाजूला मर्यादा ऑप-अँपची येते. त्याचा स्वतःचा फेज मागे पडतो आणि तो भरून काढायला ऑसिलेटर थोड्या खालच्या वारंवारतेवर सरकतो. हे सरकणं साधारण ४.५ गुणिले f भागिले गेन-बँडविड्थ इतकं येतं. १० किलोहर्ट्झला ३ मेगाहर्ट्झच्या टीएल०७२ मध्ये दीड टक्का, १० मेगाहर्ट्झच्या एनई५५३२ मध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी. १०० किलोहर्ट्झला हाच हिशेब एनई५५३२ साठी साडेचार टक्के सांगतो, म्हणून त्यापुढे मी डायलवर विसंबत नाही, फ्रिक्वेन्सी काउंटर जोडते.