अपडेटनंतर रात्रीत ३८ टक्के चार्ज गेला: आठ महिने वापरलेल्या स्मार्टवॉचचा अनुभव

हे घड्याळ आठ महिने रोज माझ्या हातावर आहे. झोपेची नोंद हवी म्हणून रात्रीही काढत नाही. रात्री अकराला किती टक्के आणि सकाळी सातला किती, हे पहिल्या महिन्यापासून बघायची सवय लागली होती. फरक नेहमी ९-१० टक्क्यांचा असायचा. दीड महिन्यापूर्वी मोठं अपडेट आलं आणि त्या रात्री ३८ टक्के गेले.

पहिल्या रात्रीचं मी मनावर घेतलं नाही. अपडेटनंतर घड्याळ आतली अॅप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार करतं आणि जुना डेटा फोनशी जुळवत बसतं. एक-दोन दिवस ते जास्त खातं, हातालाही जरा कोमट लागतं. एकदा रीस्टार्ट करून वाट बघितली. दुसऱ्या रात्री ३१, तिसऱ्या रात्री ३०. आकडा खाली येऊन थांबायला हवा होता, पण तो तिशीतच अडकला.

सर्व्हिस सेंटरवाल्याने घड्याळ हातात न घेताच बॅटरी बदलायला सांगितलं. मला ते पटेना. बॅटरी म्हातारी होते ती महिन्या-महिन्याने, हळूहळू. सोमवारी १० टक्के खाणारी बॅटरी मंगळवारी ३८ खायला लागली आणि मधे फक्त अपडेट झालं असेल, तर आधी संशय सेटिंगवर घ्यायला हवा.

म्हणून चौथ्या रात्री एअरप्लेन मोड लावून झोपलो. माझ्या घड्याळात याने ब्लूटूथ, वाय-फाय सगळं बंद होतं, पण हृदयाचे ठोके मोजणं चालू राहतं. सकाळी १५ टक्के कमी. म्हणजे निम्मा खर्च फोनशी बोलण्यात जात होता. पण उरलेले १५ कुठले? पूर्वी सगळं चालू असतानाही १० च्या वर जात नव्हते. इथे क्षणभर मलाही वाटलं, बॅटरीच असेल.

उत्तर बायकोने दिलं. ‘अरे, तू कूस बदललीस की तुझ्या मनगटावर लख्ख उजेड पडतो, जाग येते मला.’ स्लीप मोडची अकराची आपोआप लागणारी वेळ अपडेटमध्ये पुसली गेली होती. तो मोड नसला की मनगट हललं की स्क्रीन पेटते, आणि झोपेत मनगट किती वेळा हलतं ते आपल्याला कळतही नाही. पाचव्या रात्री एअरप्लेन मोड तसाच ठेवून स्लीप मोड लावला. सकाळी ७ टक्के. बॅटरी निर्दोष ठरली.

आता राहिला फोन. एअरप्लेन मोड काढला, सकाळी उठल्याबरोबर घड्याळाकडे बघितलं तर वरच्या कडेला फोनशी जोड तुटल्याची छोटी खूण. फोन उशाशी, तरी जोड तुटलेली! ब्लूटूथची जोड गेली की माझं घड्याळ वाय-फाय चालू करतं आणि पुन्हा पुन्हा फोन शोधतं. सिमवालं घड्याळ असेल तर ते मोबाइल नेटवर्कवर जातं, आणि बेडरूममध्ये रेंज कमी असेल तर आणखी खातं. कारण माझ्याच फोनमध्ये निघालं. अपडेटच्या दिवशी जोडणी होईना म्हणून मी फोनमधलं घड्याळाचं अॅप काढून पुन्हा टाकलं होतं. त्यामुळे त्याची बॅटरीची परवानगी मूळ पदावर आली आणि फोन रात्री ते अॅप झोपवत होता. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीपुढे `Unrestricted` निवडलं. त्या रात्री १० टक्के गेले.

हे सगळं एका रात्रीत एकच गोष्ट बदलल्यामुळे सापडलं. फॅक्टरी रीसेट मात्र अगदी शेवटी ठेवा. त्यानंतर घड्याळ पुन्हा सगळा डेटा जुळवतं, त्यामुळे दोन रात्रींचे आकडे निरुपयोगी होतात.

खरंच बॅटरी गेली असेल तर खुणा वेगळ्या असतात. एअरप्लेन आणि स्लीप मोड दोन्ही लावूनही आकडा उतरत नाही. ४० टक्क्यांवरून एकदम १५ दिसतात, किंवा २० टक्के असताना घड्याळ बंद पडतं. आणि काच किंवा मागची बाजू किंचित जरी उचललेली दिसली तर बॅटरी फुगली असणार; तेव्हा कसल्याही चाचण्या करत बसू नका, चार्जिंग थांबवा आणि घड्याळ हातातून काढा.

मागच्या आठवड्यात छोटं अपडेट आलं. पहिल्या रात्री १९ टक्के गेले. स्लीप मोडची वेळ आणि अॅपची परवानगी बघितली, दोन्ही जागेवर होत्या, म्हणून हात लावला नाही. तिसऱ्या रात्री पुन्हा १०.